आईचे एसीटीएच वाढले, कॉर्टिसोल मात्र अजून कमी: याचा अर्थ कसा लावावा?

सुरंगी (फोंडा)

नमस्कार. माझ्या आईच्या दोन तपासण्यांचे आकडे पुढे ठेवून एक प्रश्न विचारते आहे. आईचे वय ६४. संधिवातासाठी ती दीड वर्षाहून अधिक काळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत होती, आधी १५ आणि नंतर १० मिलिग्रॅम. साखर वाढू लागली म्हणून तिने चवथीच्या आधी कोणालाही न सांगता गोळी एकदम बंद केली. पंधरवड्यात तिची भूक गेली, सकाळी उठताना घेरी येऊ लागली, सगळे अंग दुखू लागले आणि शेवटी उलट्या सुरू झाल्यावर आम्ही तिला रुग्णालयात नेले. तेव्हा रक्तदाब ९६/६०, सोडियम १२९ आणि पोटॅशियम ४.१ होते. सकाळी आठचे कॉर्टिसोल २.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि एसीटीएच ८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर दुसऱ्याच दिवशी ती उठून बसली. बाहेरून मिळालेल्या स्टेरॉइडमुळे मेंदूकडून एसीटीएचच्या रूपात येणारा आदेश बंद पडला आहे, कॉर्टिसोल बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतः निरोगी आहे, असे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते.

त्यानंतर प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर सुरू करून हळूहळू ३ वर आणले. आता सुमारे पाच महिन्यांनी, आदल्या सकाळची गोळी घेतल्यावर चोवीस तासांनी, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी रक्त दिले. कॉर्टिसोल ६.४ आहे आणि एसीटीएच ७१. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ६३ असल्यामुळे त्या आकड्यापुढे ठळक खूण आहे. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. आदेश आता मर्यादेबाहेर वाढला आणि ग्रंथी तरीही पुरेसे कॉर्टिसोल देत नाही, याचा अर्थ ग्रंथीलाच वेगळा आजार झाला असा घ्यायचा का?

डिचोलीकर

मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे, वैद्य नव्हे, पण मेंदूपासून अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंतचा हा आदेशाचा अक्ष मी मुलांना शिकवला आहे. त्याचे तर्कशास्त्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. पाणी उतरले की फ्लोट खाली जातो आणि पंप सुरू होतो, टाकी भरली की पंप बंद होतो. तुमच्या आईच्या बाबतीत बाहेरचा टँकर टाकी भरत राहिल्यामुळे पंप बंद होता, म्हणून पहिल्या वेळी दोन्ही आकडे खाली होते. आता आदेश चढला आहे आणि उत्पादन कमी आहे. पुस्तकात या जोडीचा एकच अर्थ दिलेला असतो, तो म्हणजे दोष अ‍ॅड्रिनल ग्रंथीत आहे आणि त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. मला वाटते की तुम्ही आठवडाभर थांबू नये.

अंतःस्राव (पणजी)

सुरंगीताई, मी याच विषयाचा डॉक्टर आहे. आईला न तपासता निदान करणार नाही, पण आकड्यांचा क्रम काय सांगतो ते लिहितो. डिचोलीकर सरांनी मांडलेला तर्क स्थिर अवस्थेत अगदी बरोबर आहे. तुमची आई स्थिर अवस्थेत नाही, ती दुरुस्तीच्या वाटेवर आहे, आणि या वाटेच्या मध्यावर आदेश जास्त व उत्पादन कमी अशी जोडी काही काळ दिसणे अपेक्षितच असते.

असे का होते, हे समजण्यासाठी आदेश वरून खाली कसा येतो ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या एका छोट्या केंद्रातील चेतापेशी सीआरएच नावाचा संप्रेरक सोडतात आणि त्याच्या जोडीला व्हॅसोप्रेसिनही सोडतात. हे रसायन सगळ्या शरीरात फिरत नाही. हायपोथॅलॅमस आणि त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी यांना जोडणाऱ्या अगदी आखूड रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून ते थेट पिट्युटरीच्या पुढच्या भागात उतरते. तेथील ठरावीक पेशी एक मोठे प्रथिन तयार करून त्याचे तुकडे करतात. त्यांतील ३९ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एसीटीएच. तो मात्र सर्वसाधारण रक्ताभिसरणात मिसळतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोलचा साठा ठेवत नाही. एसीटीएच आले की कोलेस्टेरॉल पेशीतील मायटोकाँड्रियाच्या आत ढकलले जाते आणि तेथून काही मिनिटांत ताजे कॉर्टिसोल तयार होऊ लागते. म्हणजे ग्रंथीची क्षमता तिच्या पेशी किती आहेत आणि त्यांत आवश्यक एन्झाइमे किती आहेत यावर ठरते. या दोन्ही गोष्टी एसीटीएचच टिकवून ठेवते. ते केवळ काम करायला सांगत नाही, ते त्या पेशींना पोसतेही. दीड वर्ष एसीटीएच जवळजवळ आले नाही, तर कॉर्टिसोल बनवणारा थर आक्रसतो. नंतर आदेश परत आला तरी त्या थराची वाढ व्हायला महिने लागतात.

आता परतीचा संदेश. रक्तातील कॉर्टिसोल हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या दोन्ही ठिकाणी ग्राहकांना जाऊन बसते आणि आदेश आवरते. त्याचा एक परिणाम काही मिनिटांत होतो, त्यात चालू स्राव थांबतो. दुसरा परिणाम काही तासांनी दिसतो आणि त्यात एसीटीएचच्या मूळ प्रथिनाचे जनुकच मंदावते. आपले स्वतःचे कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते, म्हणून हा लगाम रोज सैल पडतो आणि पहाटे नव्याने मोठा स्राव होतो. प्रेडनिसोलोन त्याच ग्राहकांना बसते, पण अधिक जोराने आणि अधिक काळ. १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, आणि निरोगी माणसाचे शरीर विश्रांतीच्या दिवशी सुमारे १० मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसोल बनवते. इतका लगाम रोज लागत राहिला तर वरची दोन्ही केंद्रे मंदावतात आणि त्यांच्या मागोमाग खालची ग्रंथी आक्रसते.

परतीचा प्रवासही याच क्रमाने होतो. १९६५ साली ग्रेबर, लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ दडपला गेलेला हा अक्ष कसा सावरतो याचा मागोवा घेतला होता. सुरुवातीला एसीटीएच आणि कॉर्टिसोल दोन्ही कमी होते. पुढच्या काही महिन्यांत एसीटीएच नेहमीच्या पातळीच्याही वर गेले, कारण खालून कॉर्टिसोल पुरेसे येत नसल्यामुळे परतीचा लगाम अजून लागत नव्हता. त्यानंतर ग्रंथीने वेग घेतला आणि शेवटी एसीटीएच खाली उतरले. तुमच्या आईचे कॉर्टिसोल २.१ वरून ६.४ वर आणि एसीटीएच ८ वरून ७१ वर आले आहे. हे त्या दुसऱ्या टप्प्याशी जुळते.

डिचोलीकर

डॉक्टर, हा क्रम मला ठाऊक नव्हता. तरीही शंका उरते. दुसरा टप्पा आणि खराखुरा अ‍ॅडिसन या दोन्हींत आदेश जास्त आणि उत्पादन कमी. मग त्यांच्यातील फरक कशावरून ओळखायचा? केवळ इतिहासावरून निर्धास्त राहणे धोक्याचे नाही का?

अंतःस्राव (पणजी)

शंका रास्त आहे. फरक ग्रंथीच्या दुसऱ्या थरावरून कळतो. सर्वांत बाहेरचा थर शरीरातील मीठ आणि पोटॅशियम सांभाळणारे अल्डोस्टेरॉन बनवतो आणि तो प्रामुख्याने मूत्रपिंडातून सुरू होणाऱ्या रेनिनच्या साखळीवर व रक्तातील पोटॅशियमवर चालतो, एसीटीएचवर फारसा अवलंबून नसतो. स्टेरॉइडमुळे आदेश बंद पडला तरी हा थर शाबूत राहतो. म्हणून आईचा रक्तदाब पडला, सोडियम उतरले, पण पोटॅशियम ४.१ च राहिले. सोडियम उतरण्यासाठी कॉर्टिसोलची उणीवही पुरते, कारण कॉर्टिसोल नसले की व्हॅसोप्रेसिन वाढते आणि शरीर पाणी धरून ठेवते. अ‍ॅडिसनमध्ये संपूर्ण ग्रंथी उद्ध्वस्त होते, त्यामुळे पोटॅशियम बहुधा चढते, रेनिन वाढते, खारट खाण्याची ओढ लागते आणि तळहातांच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडतात. एसीटीएचही तेथे सहसा वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असते, ७१ सारखे काठावर नसते.

तरीही मी आईच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर रेनिन आणि पोटॅशियम एकदा पाहिले असते. आपल्या देशात क्षयरोगाने अ‍ॅड्रिनल खराब झालेले रुग्ण आजही दिसतात, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसात जुना क्षयरोग डोके वर काढू शकतो. शक्यता कमी आहे, पण तपासणी सोपी आहे.

मांडवीतीर

एवढी चर्चा वाचून मला आश्चर्य वाटते. कॉर्टिसोल हा ताणाचा संप्रेरक आहे आणि तो कमी असणे हे मन शांत असल्याचे लक्षण आहे. आजकाल सगळेजण तो कमी करण्यासाठी प्राणायाम आणि अश्वगंधा सांगतात. आई घरी आहे, नोकरीचा ताण नाही. कॉर्टिसोल कमी असेल तर बिघडले कुठे? की सततच्या ताणाने ग्रंथी थकली आहे?

अंतःस्राव (पणजी)

मांडवीतीर, मानसिक ताणाने हा अक्ष जागा होतो हे खरे आहे. पण कॉर्टिसोल केवळ त्या प्रसंगासाठी नसते. दोन जेवणांमधल्या वेळेत साखर टिकवणे आणि रक्तवाहिन्यांना अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांना प्रतिसाद देता येईल असे ठेवणे ही रोजची कामे त्याच्याविना होत नाहीत. शरीराच्या दृष्टीने ताप, उलट्या, शस्त्रक्रिया, हाड मोडणे हे मोठे ताण आहेत, आणि अशा वेळी निरोगी अक्ष उत्पादन कित्येक पटींनी वाढवतो. सुरंगीताईंच्या आईला ती वाढ करता येत नव्हती, म्हणून ती रुग्णालयात पोचली.

ताणाने ग्रंथी थकते ही कल्पना लोकप्रिय असली तरी संप्रेरकशास्त्रात ते मान्य निदान नाही. दीर्घ ताणात एसीटीएच बंद होत नाही, त्यामुळे ग्रंथी आक्रसण्याचे कारणच उरत नाही. हान्स सेलये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून जे मांडले, त्यात ताणाखाली अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या. ‘ग्रंथी थकल्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि तसे चूर्ण घेतल्यास नेमका आईला झाला तोच विकार होऊ शकतो. आईला अश्वगंधा किंवा अन्य काहीही देण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारावे, एवढीच विनंती.

जुनी_प्रयोगशाळा (म्हापसा)

मी अनेक वर्षे रक्ततपासणीच्या कामात आहे, म्हणून आकड्यांच्या विश्वासार्हतेबद्दल थोडे. एसीटीएच हे फार नाजूक प्रथिन आहे. रक्त ईडीटीए असलेल्या नळीत घेऊन लगेच बर्फावर ठेवावे लागते आणि थंड अवस्थेतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. आपल्याकडे बरेच नमुने पुढे मुंबईला जातात आणि वाटेत उष्णता लागली तर एसीटीएच खोटेच कमी दिसते. त्यामुळे पहिला ८ चा आकडा खरा थोडा जास्तही असू शकेल. ७१ हा आकडा मात्र नमुना खराब झाल्याने वर जाणार नाही, तो चढलेलाच आहे.

कॉर्टिसोलचा प्रश्न वेगळा आहे. अनेक यंत्रे प्रेडनिसोलोनलाच कॉर्टिसोल समजून मोजतात. आदल्या सकाळनंतर चोवीस तास जाऊ दिले हे तुम्ही योग्य केले. गोळी घेऊन दोन तासांनी दिलेल्या नमुन्यात १८ किंवा २० असा आकडा येतो आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, असे मी पाहिले आहे. वेळही महत्त्वाची असते. आकडा सकाळी आठ ते नऊच्या दरम्यानचा हवा, कारण दुपारी निरोगी माणसाचेही कॉर्टिसोल बरेच उतरलेले असते. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर तेही सांगा, कारण काही यंत्रांत बायोटिनने कॉर्टिसोल खोटे जास्त आणि एसीटीएच खोटे कमी येते.

पेडण्याचा_वारा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. मी दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप ओढतो. गोळी कधीच घेतलेली नाही. गेल्या पावसाळ्यात गजकर्ण फार पसरले म्हणून इट्राकोनाझोलचा लांब कोर्स झाला. त्या काळात माझा चेहरा सुजल्यासारखा झाला, वजन वाढले, आणि कोर्स संपल्यावर काही आठवडे अंगात त्राणच नव्हते. पंपातून छातीत जाणारे औषध मेंदूच्या आदेशापर्यंत पोचते का?

औषधपेढी_मडगाव

मी फार्मासिस्ट आहे. पंपातील औषधाचा काही भाग फुप्फुसातून आणि काही भाग गिळला जाऊन रक्तात जातो. एरवी यकृतातील एक एन्झाइम ब्युडेसोनाइडचा बहुतांश भाग पटकन मोडून टाकते. इट्राकोनाझोल तेच एन्झाइम अडवते. त्यामुळे मात्रा न वाढवताही रक्तातील स्टेरॉइड वाढते, आणि तुम्ही सांगता तसा चेहरा, वजन व नंतरचा अशक्तपणा असा क्रम शक्य आहे. फ्लुटिकासोनबाबतही असेच होते. तुमच्या बाबतीत तसेच झाले हे मी सांगू शकत नाही, पण छातीच्या डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र घेतल्याचे अवश्य सांगा. पंप मनाने बंद करू नका.

दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गोव्याच्या पावसाळ्यात घामाने, ओल्या कपड्यांनी गजकर्ण होते आणि लोक दुकानात येऊन ‘ती लगेच आराम देणारी ट्यूब द्या’ म्हणतात. त्या मिश्र मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड असते. जांघेतील पातळ कातडीवर, मोठ्या भागावर, महिनोन्महिने लावले तर ते रक्तात जाऊन हाच अक्ष दाबू शकते. लहान मुलांत तर त्याहून लवकर. आम्ही चिठ्ठीशिवाय ते देऊ नये, आणि गिऱ्हाइकानेही नकार ऐकून पुढच्या दुकानात जाऊ नये.

डिचोलीकर

आणखी एक विचारतो. अ‍ॅड्रिनलला एसीटीएच पोसते, तर बाहेरून एसीटीएचची इंजेक्शने देऊन ती लवकर का वाढवत नाहीत?

अंतःस्राव (पणजी)

सर, तसे केल्यास ग्रंथी कॉर्टिसोल बनवेल, पण ते कॉर्टिसोल पुन्हा वर जाऊन हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांना आवरेल. आपण एक टप्पा जागा करताना वरचे दोन झोपवू. म्हणून एसीटीएच आज मुख्यतः चाचणीसाठी वापरतात. कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम देऊन अर्ध्या आणि एका तासाने कॉर्टिसोल मोजले की ग्रंथीची राखीव क्षमता कळते. ते औषध आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी दीर्घकाळ टिकणारे दुसरे एसीटीएच वापरून चाचणी करतात. तिची मर्यादाही लक्षात ठेवा. आदेश नुकताच बंद पडला असेल आणि ग्रंथी अजून आक्रसली नसेल, तर या चाचणीत ती छान उत्तर देते आणि दोष लपतो.

तुमच्या टाकीच्या उदाहरणाला एक पुरवणी जोडतो. या टाकीतील फ्लोटची उंची दिवसभर एक नसते. ती पहाटे वर, मध्यरात्री खाली आणि तापात खूप वर सरकते. सकाळचा एक आकडा चांगला आला तरी तापाच्या दिवशी ती तेवढी वर जाईलच असे नाही, म्हणून सावधगिरी आकडा सुधारल्यावरही काही काळ चालू ठेवावी लागते.

सुरंगी (फोंडा)

सर्वांचे आभार. आज भेट झाली. पोटॅशियम ४.३ आहे आणि रेनिन वाढलेले नाही, त्यामुळे अ‍ॅडिसनची शंका डॉक्टरांनी बाजूला ठेवली. बायोटिन आई घेत नाही. सकाळचे कॉर्टिसोल १० च्या वर गेले तर गोळी थांबवता येते, ५ च्या खाली असेल तर मात्रा तशीच ठेवायची आणि मधल्या पट्ट्यात थांबून काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, असे त्यांनी सांगितले. आई मधल्या पट्ट्यात आहे. ३ मिलिग्रॅम सकाळीच घ्यायचे, संध्याकाळी कधीच नाही. ताप आला तर मात्रा वाढवायची, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर घरी न थांबता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घ्यायचे. तसे लिहिलेले कार्ड आता तिच्या पाकिटात आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. संध्याकाळी का नाही? आणि प्रेडनिसोलोनऐवजी हायड्रोकॉर्टिसोन घेतल्यास अक्ष लवकर सुटेल का?

अंतःस्राव (पणजी)

संध्याकाळची गोळी मध्यरात्रीनंतरही रक्तात रेंगाळते, म्हणजे लगाम नेमका ज्या तासांत सैल पडायला हवा त्याच तासांत घट्ट राहतो आणि पहाटेचा एसीटीएचचा स्राव बुजतो. सकाळची गोळी तोपर्यंत बरीच उतरलेली असते.

दुसऱ्या प्रश्नावर माझा कल हायड्रोकॉर्टिसोनकडे आहे. त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून रात्री अक्षाला अधिक मोकळीक मिळेल असे तर्काने वाटते.

ग्रामीण_वैद्यक (साखळी)

डॉक्टर, येथे मी थोडा असहमत आहे. तर्क पटतो, पण हायड्रोकॉर्टिसोनवर नेल्याने रुग्ण खरोखर लवकर सावरतात याचा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. शिवाय ते दिवसातून दोन किंवा तीन वेळा घ्यावे लागते. शेतावर, बागायतीत जाणाऱ्या माझ्या रुग्णांची दुपारची मात्रा हमखास चुकते. एकदाच घ्यायची ३ मिलिग्रॅमची गोळी नियमाने घेतली जात असेल आणि आईचा संधिवातही तिच्यावर ताब्यात असेल, तर मी ती बदलणार नाही. मात्रा कमी करताना सांधे दुखू लागले तर ते संधिवाताचे दुखणे आहे की कॉर्टिसोलच्या कमतरतेचे, हे ठरवणे मला यापेक्षा अवघड वाटते. सांध्यावर सूज आणि रक्तात दाह दाखवणारे सीआरपी वाढलेले असेल तर मी संधिवात धरतो. सूज नसताना अंग मोडून येणे, मळमळ आणि उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणे असेल तर अक्षाकडे पाहतो. पण दोन्ही एकत्र आलेले रुग्णही असतात.

अंतःस्राव (पणजी)

पुराव्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, माझा केवळ कल आहे. सुरंगीताई, बदल करायचा की नाही ते आईचे दुपारचे वेळापत्रक पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. पुढच्या तपासणीत कॉर्टिसोल आणि एसीटीएच दोन्ही एकाच नमुन्यात करून घ्या. कॉर्टिसोल चढते आहे आणि एसीटीएच स्थिर आहे किंवा उतरते आहे असे दिसले, तर ग्रंथीची वाढ होते आहे असे समजता येईल. एसीटीएच चढतच राहिले आणि कॉर्टिसोल जागचे हलले नाही, तर रेनिन पुन्हा पाहावे लागेल.

सुरंगी (फोंडा)

समजले. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे, दोन्ही आकडे येथेच लिहीन. आईला अधूनमधून सकाळी मळमळते, ते सीआरपीसह डॉक्टरांना कळवते.